तप्पायतु

भैरवीबद्दल केशवरावांना खरं तर फारच थोडं ठाऊक होतं. निपाणीजवळच्या त्या शाळेत ती नववीला होती, वेणी घट्ट घालायची आणि हसताना तोंडावर हात धरायची. एवढंच. तिच्या घरी कोण कोण असतं, हेही त्यांनी कधी विचारलं नाही. विचारावं असं वाटायचं, पण त्यांचा स्वभाव पडला भिडस्त.

कचेरीतून निवृत्त झाल्यावर ते बेळगावच्या अनगोळहून इथं लेकीकडं राहायला आले आणि शाळेचं वाचनालय सांभाळू लागले. शनिवारी शाळा सुटायच्या आधी तिथंच खेळाचा तास असायचा. खेळ घ्यायची नववीची मुलं, खेळायची सहावी-सातवीची. मोठं माणूस म्हणून केशवरावांनी नुसतं बसायचं, मधे बोलायचं नाही, असं ठरलेलं. ते त्यांना बरंच सोयीचं होतं.

खेळ साधा होता. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं आपल्या मनाला काय लागलं ते सांगायचं, दुसऱ्यानं तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. पहिला "बरोबर" म्हणेपर्यंत पुढं सरकायचं नाही. मग माफी. मी काय केलं, त्यानं तुला काय झालं, आता मी काय करीन. मधे "पण" आला की पुन्हा पहिल्यापासून. आणि माफ करायचं की नाही, हे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर.

एरवी लुटुपुटीची भांडणं असायची, बाकावरच्या जागेची, पाण्याच्या बाटलीची. त्या शनिवारी मात्र खरं होतं. मैदानात लंगडी खेळताना सातवीतल्या कुमारच्या तोंडून कानडीत आकडे निघाले. घरी तो दोन्ही भाषा बोलायचा. त्याच्याच वर्गातल्या सौरवनं त्याची नक्कल केली, ती वर्गभर पसरली, शेवटी कुमारनं त्याला ढकललं आणि सौरवचं कोपर फुटलं. मुख्याध्यापिका प्रमोदिनी मॅडमनी भैरवीला बजावलं होतं, "आज मिटलं नाही तर हा तास बंद. गणिताला देते."

दोघंही बसायला तयार झाले. ढकलल्याची माफी कुमारनं आधीच मागितली, नीट मागितली. आता सौरवची पाळी होती. कुमारला काय लागलं ते परत सांगतानाच तो अडखळायला लागला. दाराबाहेर मॅडमच्या चपला वाजल्या तशी भैरवी वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "त्याच्या भाषेत म्हण रं. तप्पायतु म्हण. म्हणजे चूक झाली. त्याला बरं वाटंल."

सौरव म्हणाला, "तप्पायतु." तोंडातून निघाला तो नकलेचाच सूर. त्यानं मुद्दाम केलं की सवयीनं, कुणास ठाऊक. सगळी मुलं फिस्सकन हसली.

कुमारनं दप्तर ओढून घेतलं. "झालं? जाऊ मी?"

"हात तरी मिळवा रं," मागून कुणीतरी म्हणालं.

केशवराव पुढं सरकले. उठावं, दोघांना जवळ घ्यावं, काहीतरी बोलावं, असं वाटत होतं. ते खुर्चीचा हात धरून बसून राहिले.

भैरवी कुमारसमोर खाली बसली. तोंडावर हात नव्हता. "कुमार, सौरवच्या तोंडात शब्द मी घातला. तुझी भाषा परत हसण्यावारी गेली, ती माझ्यामुळं. मला घाई झालती..." ती थांबली. "घाईचं राहू दे. मी चुकले. इथनं पुढं कुणाची माफी मी बोलून देणार न्हाय. तू माफ करायलाच पायजे असं न्हाय."

कुणी हसलं नाही.

"आत्ता न्हाय करणार, आक्का," कुमार म्हणाला.

"बरं."

दारात मॅडम उभ्या होत्या. "मिटलं का गं?"

हो म्हटलं असतं तर तास वाचला असता. केशवरावांना वाटलं, म्हण बाई, हो म्हणून टाक. भैरवी म्हणाली, "न्हाय मॅडम. मिटलं न्हाय."

"मग ठरल्याप्रमाणं..."

"मॅडम," कुमार मान खाली घालूनच बोलला, "तास ठेवा. माझं त्याला सांगून व्हायचंय. त्यानं एकदा बी बरोबर परत सांगितलं न्हाय."

"सांगतो की," सौरव पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. "आज न्हाय जमलं."

मॅडम आत आल्या. "कोपर धुऊन घे आधी," त्या सौरवला म्हणाल्या. गणिताचं नाव काही निघालं नाही.

भैरवी पुढच्या शनिवारी आली नाही. वडिलांची बदली बेळगावला झाली म्हणे. खेळ आता दुसरीच पोरं घेतात. आपण तिला बरंच काही सांगायला हवं होतं, असं केशवरावांना मागाहून वाटलं. त्या दुपारी मात्र मुलं पांगल्यावर ती खेळाची सतरंजी गुंडाळत होती.

"आजोबा, ही आत ठेवू का?"

"असू दे तिथंच. शनिवारी लागंलच."

"व्हय, लागंल की," ती म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.