वेणी कापणार नाही

पुण्याच्या गेम कंपनीतल्या सरांचा निरोप दोन ओळींचा होता. ‘वेणी काढून टाका, बॉबकट करा. शुक्रवारी बिल्ड जाणार आहे.’ बिल्ड म्हणजे गेमची जोडून तयार केलेली प्रत. सोबत त्यांनी तयार बॉबकटची फाइलही पाठवली होती. राजुऱ्याच्या घरात, कूलरसमोर बसून मी तो निरोप वाचला आणि माझं डोकंच फिरलं. बॉबकट म्हणे!

गेममधल्या माणसांचे केस, माळा, पट्टे, झालरी हलत्या करणं हे माझं काम. शेजारच्या काकू विचारतात तेव्हा आई सांगते, ‘इंजिनिअर झाली आन् बाहुलीचे केस विंचरून राह्यली.’ मी तिला दुरुस्त करत नाही, कारण अगदीच चूक नाही ते.

या गेममध्ये जंगलात फिरवणारी एक गाइड होती. ‘स्थानिक वाटली पाहिजे’ एवढंच मला सांगितलं होतं. माझी थोरली बहीण मोहर्लीला, व्याघ्रप्रकल्पाच्या गेटवर गाइड आहे. मग मी लांब कशाला जाऊ? खाकी शर्ट, टोपी, गळ्यात दोरीला शिट्टी आणि कमरेपर्यंत जाडजूड वेणी. मी तिलाच उचलून गेममध्ये बसवलं.

अशी वेणी हलवायची तर तिच्या आत हाडांची साखळी घालावी लागते. मी सात घातली होती. पहिलं हाड डोक्याला बांधलेलं, बाकीच्यांचं काय करायचं ते गणित ठरवतं. ताठपणा म्हणजे हाड आपल्या मूळ जागी परत यायला किती जोर लावतं ते. तो कमी पडला की वेणी ओल्या टॉवेलसारखी लोंबते, आणि जास्त झाला की झाडूची काठी होते. डॅम्पिंग म्हणजे हेलकावा किती लवकर विझतो. ते नसलं तर बाई थांबली तरी वेणी थांबत नाही, आणि फार झालं तर वेणी तेलात बुडाल्यासारखी जड हलते. शेवटी वेणी पाठीतून आरपार जाऊ नये म्हणून पाठीला एक न दिसणारी कॅप्सूल, म्हणजे औषधाच्या गोळीसारखा लांबट अडसर, लावायची. कॅप्सूलला टेकलं की हाड बाहेर ढकललं जातं. हे सगळं मी दोन आठवडे घासून जमवलं होतं. चालताना, पळताना, वाकताना वेणी अशी सुरेख हलायची की मला स्वतःचाच हेवा वाटायचा.

घात केला सफारीच्या उघड्या जिप्सीने. गाइड गाडीत ड्रायव्हरशेजारी बसली की पहिल्याच खड्ड्याला वेणी फुटायची. फुटायची म्हणजे अक्षरशः सातही हाडं सात दिशांना, एक थेट आकाशात, आणि केसांचा काळा ताणलेला पडदा अख्ख्या स्क्रीनवर. पण सरांच्या मशीनवर काहीच होत नव्हतं. फुटायचं ते माझ्या बहिणीच्या चार वर्षं जुन्या फोनवर. तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फोनच खाली ठेवला. ‘काऊन वं, मले भूत करून टाकलं का?’

मी ताठपणा उतरवला, डॅम्पिंग चढवलं. फरक पडला, पण फुटणं राहिलंच. सरांना कळवलं तर ते म्हणाले, ‘आमच्याकडे होत नाही. तुमचा फोन जुना आहे.’ मी लगेच लिहिलं, ‘सर, ही बाई ज्या गावातली आहे तिथे हाच फोन आहे. तिथल्या पोरींना ती भुतासारखी दिसणार असेल, तर स्थानिक कशाला म्हणायचं?’ त्यावर आला तो बॉबकटचा निरोप. त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांना शुक्रवार गाठायचा होता. पण माझ्या बहिणीची वेणी कापून गाठायचा, हे मला मान्य नव्हतं. मला राग आला होता आणि तो मी आवरला नाही. मी फोन उचलून सांगितलं, ‘शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना? मग वेणी राहील.’ बोलून तर गेले, पण उपाय माझ्याकडे नव्हता.

बुधवारी मी मोहर्ली गाठली. सकाळची फेरी संपली होती, गाड्या गेटबाहेर धुळीने माखून उभ्या होत्या. मी बहिणीला म्हटलं, ‘ताई, जरा गाडीत बसून दाखव.’

‘बसाचं काय दाखवाचं त्याच्यात?’ असं म्हणत ती चढली. आणि बसायच्या आधी, न बघता, डाव्या हाताने तिने वेणी खांद्यावरून पुढे ओढली. मग टेकली.

‘थांब. हे काय केलंस?’

‘काय केलं?’

‘वेणी.’

‘समोर घेतली. मांगं ठेवली त सीटमदी दबते ना. गाडी उसळली का मान हिसकते. एकडाव हिसकली, मंग अक्कल आली.’

मी तिथेच, त्या धुळीत, कपाळावर हात मारून घेतला. बाई बसली की वेणीच्या एका बाजूला पाठीची कॅप्सूल आणि दुसऱ्या बाजूला सीटची. मधली फट वेणीच्या जाडीपेक्षा कमी. पाठ ढकलते सीटमध्ये, सीट ढकलते पाठीत, आणि बिचाऱ्या हाडाला उभं राहायला जागाच नाही. वेगवान मशीनवर हे ढकलणं बारीक बारीक पावलांनी होतं, त्यामुळे निभावून जातं. फोन सेकंदाला मोजक्याच फ्रेम, म्हणजे मोजकीच चित्रं काढतो, तिथे प्रत्येक पाऊल मोठं, हाड खोलवर घुसतं आणि तितक्याच जोरात भिरकावलं जातं. मी तीन दिवस आकडे फिरवत होते. चूक आकड्यांत नव्हतीच. वेणीवाली बाई गाडीत कशी बसते, हे मी वेणीवाल्या बाईला विचारलं नव्हतं.

सरांचा बॉबकटचा निरोप मी तिला वाचून दाखवला. ती हसली नाही.

‘मी गाइड झाली तवा इथीबी म्हणत होते. बाई, केस काप, झाडाझुडपात अटकन. गाइडकी जमाची नाई तुले. मी नाई कापले. पाच वरीस झाले, कुठी अटकले?’ मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, ‘तू कापशीन त घरी येऊ नको.’

घरी आल्यावर मी बसण्याच्या हालचालीतच हात उचलून वेणी पुढे घेतली, म्हणजे हाडांची मूळ जागाच आता छातीवर आली. सीटच्या कॅप्सूलशी वेणीचं नातं तोडलं. छातीची कॅप्सूल जरा बारीक केली, म्हणजे वेणी नुसती टेकेल, आधीपासून रुतलेली नसेल. ताठपणा थोडा उतरवला, डॅम्पिंग वाढवलं. गुरुवारी बहिणीने तिच्याच फोनवर गेममधली गाडी सगळ्यात वाईट रस्त्याने तासभर पळवली आणि व्हिडिओ पाठवला. वेणी खड्ड्याला जराशी उडाली, छातीवर आपटली आणि निमूट बसली. मी कूलर बंद केला आणि एकटीच ओरडले. आई धावत आली.

शुक्रवारी सकाळी मी फाइल पाठवली आणि बॉबकटची फाइल माझ्याकडून पुसून टाकली. दुपारी सरांचं उत्तर आलं.

‘चालतंय, सगळ्या फोनवर. बिल्डमध्ये घेतलं. पण बसताना वेणी पुढे घेणं डिझाइनमध्ये नव्हतं. कुणाच्या परवानगीने केलंत?’

मी लिहिलं, ‘जिची वेणी आहे तिच्या.’