चार बत्त्यांचे पत्र

मंगरूळपीरच्या मराठी शाळेतले मारोतराव भगत गावात अर्जमास्तर म्हणून जास्त ओळखले जात. तहसिलीत द्यायचा अर्ज असो, जावयाला धाडायचे पत्र असो, लोक थेट त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. मास्तर पैसा घेत नसत. घेत ते एवढेच, की समोरच्याला प्रश्न विचारून विचारून बेजार करीत. बैल हरवल्याचा अर्ज लिहायचा, तर बैल कुठल्या बाजारातून आणला, त्याला कोणता चारा आवडायचा, हाक कोण मारायचे, सगळे विचारून मगच टाक शाईत बुडायचा. लोक त्यांना तोंडावर भोचक म्हणत आणि पुढचे पत्र घेऊन पुन्हा त्यांच्याकडेच येत.

अशा माणसाच्या गळ्यात सन छत्तीस साली शाळेचे वार्षिक संमेलन पडले. दरवर्षी ते सकाळी होई. कवायत, बक्षिसे, मूठभर बत्तासे, की मुले घरी. पण यंदा शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब हजर राहणार होते आणि त्यांचा दौरा असा आखलेला, की ते दिवस मावळतानाच गावात पोचणार. मास्तरांनी ही संधी साधून मुलांचे एक छोटे नाटक बसवले, ‘आळशी राजा’. लिहिलेही स्वतःच. महिनाभर पोरांच्या तालमी झाल्या, राजाचा मुकुट झाला, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आले की अंधारात राजा दिसणार कसा?

गावात गॅसबत्त्या होत्या त्या एकाच दुकानात. दर्ग्याच्या वाटेवरचे ‘गफ्फारसेठ बत्तीवाले’. लग्न असो, कीर्तन असो, उरूस असो, बत्ती तिथूनच जायची. शाळा कमिटीजवळ जे होते ते मांडव आणि खुर्च्यांत संपले होते. बत्त्या फुकट मिळाल्या तर संमेलन, नाहीतर नाटक गुंडाळून सकाळचे बत्तासे. महिनाभर राबलेल्या पोरांना हे सांगायची मास्तरांची छाती नव्हती.

त्यांनी पत्र लिहायला घेतले. वाशीमच्या एका शाळेत त्यांनी पाहिले होते, की व्यापाऱ्याकडून नुसते मागायचे नाही, आपण त्याच्यासाठी काय करू तेही लिहायचे. म्हणून संमेलनाची तारीख, वेळ, येणारे पाहुणे हे सगळे देऊन त्यांनी लिहिले, की एका सायंकाळपुरत्या चार बत्त्या, तेल आणि आत पेटणाऱ्या जाळ्यांसह, दुकानाने शाळेस विनामूल्य द्याव्यात. त्याबद्दल शाळा छापील पत्रकावर ‘रोषणाई गफ्फारसेठ बत्तीवाले यांच्या सौजन्याने’ असे छापील, रंगमंचाच्या पडद्यावर दुकानाचे नाव रंगवील, सेठजींना पहिल्या रांगेत डेप्युटीसाहेबांशेजारची खुर्ची देईल आणि एक बक्षीस त्यांच्या हस्ते वाटील. वर ‘श्रीयुत गफ्फारसेठ यांचे सेवेशी’ असे वळणदार अक्षरात घातले. पत्र दोनदा वाचून ते स्वतःवरच खूश झाले.

दुकानात गेल्यावर पहिलाच घोटाळा झाला. दाराशी बत्तीचा पंप उघडून बसलेल्या शफीकने, म्हणजे सेठच्या मिशीवाल्या पुतण्याने, ‘सेठजींना द्या’ म्हणून पुढे केलेले पत्र हातात घेतले आणि आतल्या गोणपाटाच्या पडद्याकडे पाहिले. पडद्यामागून बाईचा आवाज आला.

“सेठ कब्रस्तानात हायेत, मास्तर. नऊ वर्सं झाले. त्याईचं पत्र असन तर तिथं नेऊन द्या. दुकानाचं असन तर वाचा.”

ही कमरुन्निसा. पाटीवर नाव नवऱ्याचे राहिले होते, म्हणून साऱ्या गावाच्या तोंडीही तेच. नवऱ्यामागे दुकान तिनेच चालवले होते, पडद्याबाहेर पाऊल न टाकता. मास्तर दर आठवड्याला त्या दारावरून जात आणि ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. सगळ्या गावाच्या चौकशा करणाऱ्या माणसाला स्वतःची लाजच वाटली. ते ओट्यावर बसले आणि पत्र वाचू लागले.

पत्रकावरचे नाव ऐकून ती म्हणाली, की गावात दुसरा बत्तीवाला आहे कुठे, नाव छापून काय करायचे? पडद्यावरच्या नावाचेही तेच. खुर्चीचे वाचले तेव्हा शफीक खाली मान घालून हसला. बक्षिसाचे वाक्य मास्तरांनी वाचायला घेतले आणि मधेच सोडून दिले. पडद्याआडच्या बाईला पहिल्या रांगेतली खुर्ची! एवढ्या मेहनतीने लिहिलेल्या चार गोष्टी, आणि त्यातली एकही तिच्या उपयोगाची नाही.

दुसरा कोणी असता तर तोंड बारीक करून उठला असता. मास्तरांना मात्र भलतेच कुतूहल वाटू लागले. मग या बाईला हवे तरी काय? पडद्याखालून काच पुसणारे दोन हात तेवढे दिसत होते. काच फिरवता फिरवता ते मधेच थांबत. मास्तरांनी विचारले, की चाची, काचेत काय पाहता?

मग ती सांगू लागली. बत्ती कुठून आली हे तिला शफीकने सांगावे लागत नाही. काचेवर हळदीची बोटे असली की लग्न. बुक्का असला की कीर्तन. बुडाला चिखल असला की कोणाची तरी विहीर, रात्रपाळीने खोदायला लावलेली. कालची बत्ती बारशाची होती, तिच्या दांडीला कोणा लेकराने गूळ लावून ठेवला होता. मास्तर ऐकत राहिले. एवढ्या वर्षांत असे अक्षर वाचणारे माणूस त्यांना भेटले नव्हते.

“तुमी सोता कधी पाह्यलं, चाची? लग्न, कीर्तन, उरूस?”

“मी कायले पाहीन? बत्ती जाते, मी घरी रायते.” काच बाजूला ठेवून तिने विचारले, “तुमच्या साळेत बाया कुठं बसतात?”

बायका कुठेच बसत नव्हत्या. आजवर एकाही संमेलनात कोणाची आई आली नव्हती, आणि ही गोष्ट चुकीची आहे हे मुलांवर हात न उचलणाऱ्या, स्वतःला सुधारक समजणाऱ्या या मास्तरांच्या कधी मनातसुद्धा आले नव्हते. त्यांनी पत्राची घडी केली. नवे लिहून आणतो म्हणाले.

नवे पत्र ‘श्रीमती कमरुन्निसाबी, मालक, बत्तीचे दुकान’ यांना होते. त्यात खुर्ची नव्हती, बक्षीस नव्हते. बत्त्यांच्या बदल्यात शाळा एकच गोष्ट कबूल करीत होती: रंगमंचाच्या उजव्या अंगाला, बांबूच्या काड्यांच्या पडद्याआड, म्हणजे चिकाआड, गावातल्या बायकांची बसण्याची सोय, आणि त्यात पहिली जागा पत्र स्वीकारणाऱ्या बाईंची.

यावर कमिटीचे नानाजी पाटील भडकले. बायकांचे शाळेत काय काम, डेप्युटीसाहेब काय म्हणतील, आणि दोन्ही समाजांच्या बायका एका चिकाआड बसणार का? मास्तरांनी वाद घातला नाही. चिक नाही तर बत्ती नाही, आणि बत्ती नाही तर डेप्युटीसाहेबांना अंधारात बसवावे लागेल, एवढेच सांगितले. नानाजींनी पत्रावर सही केली, पण टाक असा दाबला की कागद फाटता फाटता राहिला.

संमेलनाच्या दिवशी शफीकने चारही बत्त्या आणून दिल्या. दिवस मावळला आणि चिकाआड गर्दी सुरू झाली. सगळ्यांत आधी आल्या मनकर्णाबाई, म्हणजे नानाजींच्याच मातोश्री. मग शेलूबाजारहून माहेरी आलेल्या लेकी, कासारणी, बुरखे घेतलेल्या बाया, कडेवर लेकरे. चाळीस येतील म्हणून अंथरलेल्या सतरंजीवर शंभर झाल्या. कमरुन्निसा कोणती ते मास्तरांना ओळखू आले नाही.

पण तिचा मान राखायचा म्हणून त्यांनी एक गोष्ट फार विचारपूर्वक केली होती. चारांतली सगळ्यांत मोठी, नवी जाळी घातलेली बत्ती त्यांनी रंगमंचावर न टांगता चिकाआड टांगली. ज्यांच्या बत्त्या, त्यांच्या अंगणात पहिला उजेड! नाटक सुरू झाले. आळशी राजा आडवा झाला, पुरुष खदखदून हसले. चिकाआड मात्र कोणी हसले नाही. उलट तिकडे कुजबुज वाढली, पदर ओढले गेले, दोघीतिघी उठून जाऊ लागल्या. मास्तर मनात म्हणाले, बायकांना नाटक आवडले नाही की काय?

इतक्यात शफीक धावत त्यांच्यापाशी आला.

“चाची म्हनते, मास्तरले सांग, आमची बत्ती काढा. आतून काईच दिसून नाई राह्यलं, अन् बाहेरून आमीच दिसून राह्यलो.”

मास्तरांनी वळून पाहिले आणि कपाळावर हात मारला. उजेड मागे असल्यामुळे चिकावर शंभर सावल्या उमटल्या होत्या, आणि निम्मे पुरुष राजा सोडून तिकडेच बघत होते. बत्ती पाठवणाऱ्या घराला जे रोज ठाऊक, ते पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते: पडद्याआड अंधार असेल तरच बाहेरचे दिसते. त्यांनी नाटक थांबवले, स्वतः जाऊन ती बत्ती उतरवली आणि रंगमंचावर नेऊन टांगली. चिकावरच्या सावल्या विझल्या. राजाचा मुकुट झळझळला.

राजाने पुन्हा जांभई दिली आणि चिकामागून शंभर बायकांचे हसू एकदम फुटले. डेप्युटीसाहेब दचकून वळले. नानाजींनी साहेबांकडे पाहिले आणि साहेब हसतात म्हटल्यावर तेही हसू लागले. त्या अंधारात मनकर्णाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. इतकी वर्षे आपण अर्ध्या गावालाच शिकवत होतो, असे त्यांना वाटले, आणि त्यात नुसता आनंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आभाराचे पत्र घेऊन दुकानात गेले. बत्त्या आधीच परत पोचल्या होत्या. आत शफीक काचा पुसत होता. पडद्याखाली हात दिसत होते, पण आज ते रिकामे होते.

मास्तरांनी वाचून दाखवले, की आपण चार बत्त्या तेलासह दिल्यात, त्यामुळे संमेलन यशस्वी झाले, शाळा आपली ऋणी आहे. नानाजींची सही आहे. वाचून झाल्यावर त्यांनी पत्र पडद्याखालून आत सरकवले; त्या हातांनी ते परत बाहेर सारले. मास्तरांनी अवघडून विचारले, की काही राहिले का?

“म्या काय देल्लं ते लिवलं तुमी,” ती म्हणाली. “मले काय भेटलं, ते बी लिवा.”

मास्तरांनी ओट्यावरच कागद मांडीवर घेतला. काय लिहू, असे त्यांनी विचारले, आणि या खेपेला त्यापुढे एकही प्रश्न विचारला नाही.

“लिवा,” ती म्हणाली, “कमरुन्निसानं पाह्यलं.”