तूरजचं नेट

रश्त शहरातल्या त्या तीन मजली इमारतीत कुणाचंही नेट अडलं की हाक जायची ती तूरज लाहिजीला. सरकारी सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस, आणि सरकारवर त्याचा राग असा की नळाला पाणी कमी आलं तरी बोट वरच्या दिशेला. सरकारने बंद केलेल्या साइट उघडणारे व्हीपीएन त्याने सगळ्यांना बसवून दिले होते. घरी तर त्याची कमाल होती. बायकोचा फोनही वायफायवर आपल्याच संगणकातल्या व्हीपीएनमधून चालेल असा जोडून ठेवला होता. "परीचेहर, माझा संगणक चालू आहे तोवर तुला जगात कुठेही वाट मोकळी आहे," असं तो मिरवत सांगायचा, आणि ते खरंही होतं.

परीचेहरची धाकटी बहीण शहला स्वीडनमध्ये होती. हृदयाचं ऑपरेशन होतं. भाची नेगारने कळवलं होतं, "मावशी, आत नेण्याआधी आईला तुला बघायचंय. दुपारी फोन हातात धरून बस." परीचेहरने केस विंचरले, निळा स्कार्फ बांधला. आजारी माणसासमोर काळा नको म्हणून.

दुपारी तूरजने संगणकासमोर बैठक मारली. व्हीपीएनला सर्व्हरची नवी यादी घ्यायला लावली, आणि तो प्रोग्राम क्षणभर गोठून पडद्यावरून नाहीसाच झाला. तूरजला वाटलं, खाली कोपऱ्यात जाऊन बसला असेल. ब्राउझर उघडला. 'इंटरनेट नाही.' त्याखाली प्रॉक्सीबद्दल, म्हणजे नेट ज्या मधल्या वाटेने जातं तिच्याबद्दल, दोन बारीक ओळी होत्या. त्या वाचायची त्याला गरज वाटली नाही.

"तोडलं! तोडलं नालायकांनी!"

"अरे पण नेटच्या डब्यावरचा दिवा हिरवा आहे ना," परीचेहर म्हणाली.

"मागच्या वेळीही हिरवाच होता. हिरवा दिवा फुकट मिळतो या देशात."

त्याने हवामानाची साइट लावून पाहिली, बँकेची पाहिली. देशातलीही एक उघडेना. खरं तर इथेच त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. बाहेरचं नेट तोडतात तेव्हा घरच्या साइट चालू राहतात, हे त्यानेच शेजाऱ्यांना हजारदा समजावलं होतं. पण रागाने माणूस आंधळा होतो तसा तो झाला. "या वेळी घरचंसुद्धा तोडलंय. म्हणजे काहीतरी मोठं झालंय बाहेर."

परीचेहरने फोन पुढे केला. त्यावरही चक्रच फिरत होतं. फिरणारच, तोही त्याच मेलेल्या वाटेने जात होता.

"मी साधा फोन लावू का नेगारला? घरच्या फोनवरून?"

"नेट तोडतात तेव्हा परदेशी फोनही तोडतात. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. सोडतील संध्याकाळी."

तिने रिसीव्हर उचलला होता, तो खाली ठेवला. तीस वर्षांच्या संसारात या बाबतीत तूरजचा शब्द शेवटचा, हे ठरलेलं होतं. ती फोन मांडीवर घेऊन खिडकीशी बसून राहिली. मला तूरजचा राग येतो तो इथे. नंबर फिरवू दिला असता तर त्याचं काय जाणार होतं?

संध्याकाळी तो पाव आणायला गेला. दुकानात वाणी यदुल्ला आगा फोनवर कुस्ती बघत होता.

"कधी आलं नेट?" तूरजने विचारलं.

"गेलं होतं कधी? सकाळपासून बघतोय मी. तूरज आगा, तुमच्यासारख्या जाणकाराने असं विचारावं?"

तूरज पाव तिथेच विसरून घरी आला. परीचेहर नमाजाला बसली होती. त्याने संगणकाच्या सेटिंग उघडल्या. प्रॉक्सी चालू. पत्ता त्याच संगणकाचा. प्रोग्राम कोसळला, पण जाताना ती खूण पुसायची राहून गेली होती. ब्राउझर दुपारपासून एका अशा दारावर थापा मारत होता जिथे आत कुणीच नव्हतं. त्याने बटण बंद केलं. हवामानाची साइट झटक्यात उघडली. त्याने व्हीपीएन पुन्हा सुरू केला, आणि आतल्या खोलीत परीचेहरचा फोन नेगारच्या अडकलेल्या निरोपांनी वाजू लागला, थांबेचना.

मावशी, उचल ना. मावशी, आई विचारतेय. आता नेताहेत तिला. मग कित्येक तासांत एकही निरोप नाही. आणि शेवटी: मावशी, आई गेली.

परीचेहरचा आवाज ऐकून तो दारात आला. ती जानमाजवर, नमाजाच्या चटईवर, तशीच बसली होती.

"सोडलं वाटतं त्यांनी," ती म्हणाली.

सांगायचं होतं तर तेव्हाच. त्याचे ओठ हललेही. "हो," तो म्हणाला. "आत्ताच सोडलं."

दुखवट्याच्या सातव्या दिवशी घर माणसांनी भरलं. हलवा, खजूर, चहा. यदुल्ला आगा म्हणाला, माझ्याकडे तर चालू होतं. कुणीतरी म्हणालं, हल्ली गल्ली बघून तोडतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. यावर या शहरात कोण शंका घेणार?

परीचेहरने दोन्ही हात वर केले. "ज्याने माझ्या शहलाचं तोंड मला बघू दिलं नाही, देवा, त्याच्या घरच्या माणसांनी त्याच्याकडे पाठ फिरवावी. तो एकटा मरावा."

"आमीन," सगळे म्हणाले.

तूरज चहाचा ट्रे घेऊन मधोमध उभा होता. परीचेहरने ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो कसा काय गप्प, असं.

"आमीन," तूरज म्हणाला.