हनुवटीचं कोटेशन

त्याचं खरं नाव त्याच्या दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतं कोण! सगळे त्याला 'हनुवटी'च म्हणायचे. कारण त्याच्यासमोर फोटोला बसलेल्या माणसाला तो एकच गोष्ट सांगायचा, "हनुवटी थोडी खाली." शाळेच्या दाखल्यासाठी आलेल्या पोरापासून पेन्शनच्या कागदाला फोटो लावायला आलेल्या आजोबांपर्यंत त्यानं सगळ्यांच्या हनुवट्या खाली केल्या होत्या. मी मात्र कुणापुढे मान खाली घालणाऱ्यातली नाही. त्यामुळे आमचं दोघांचं पहिल्या कोटेशनवरूनच वाजलं.

झालं असं, की माझ्या भाचीचं लग्न ठरलं. भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढे स्क्रू बसवायचा. नेमके त्याचेच डोळे जायला लागले. पडद्याचा आजार. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तिथेच मधोमध धुरकट डाग. समोरच्या माणसाचा शर्ट दिसायचा, चेहरा नाही. दुकान बंद झालं. भावजय शिवणकाम करायची, त्यावर घर चालायचं. लग्नाचे सगळे व्यवहार माझ्याकडे आले, कारण घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं घरातल्यांचं मत आहे आणि माझंही तेच आहे.

भावाला एकाच गोष्टीची चिंता होती. "ताई, मी मांडवात पहिल्या रांगेत बसेन आणि मला दिसतील नुसते कपडे. माझ्या पोरीचा चेहरा मला त्या दिवशी दिसणारच नाही."

डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की चेहरा मोठा छापला, चांगल्या उजेडात हातात धरला आणि भिंग फिरवलं, तर त्याला थोडा थोडा करून दिसू शकेल. म्हणजे एका पानावर एकच चेहरा. पानभर. नेहमीच्या अल्बममध्ये एका पानावर सहा-सहा फोटो कोंबलेले असतात, ते त्याच्या काही कामाचे नव्हते.

म्हणून मी हनुवटीच्या स्टुडिओत गेले. एकच खोली, भिंतीवर निळा पडदा, समोर फिरतं स्टूल. आतल्या कोपऱ्यात त्याची बायको कॉम्प्युटरवर कुणाचा तरी अल्बम जुळवत बसली होती. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कोणाकोणाचे चेहरे पाहिजेत, ते भावाला विचारून या. मग कोटेशन देतो."

भावानं अकरा चेहरे सांगितले. मुलगी, जावई, व्याही, विहीणबाई, बायको, आणि त्याच्या दुकानाशेजारचा चष्मेवाला मित्र वगैरे. दोन दिवसांनी कोटेशन आलं. वर दुकानाचं नाव, खाली टाइप केलेली ओळीवर ओळ. कामाचे तास आठ, सकाळी मुलीच्या घरापासून; त्यापुढे प्रत्येक जादा तासाचा वेगळा दर. दोन माणसं, दोन कॅमेरे. अल्बम चाळीस पानांचा. जादा पानं बारा. प्रवास, दोन फेऱ्या: स्टुडिओ ते घर आणि घर ते हॉल, परतीसह. आगाऊ रक्कम एकूण रकमेच्या तीस टक्के, ती मिळाल्यावरच तारीख पक्की, आणि लग्न रद्द झाल्यास ती परत मिळणार नाही. उरलेल्यातली अर्धी लग्नाच्या दिवशी, अर्धी अल्बम हातात दिल्यावर. कोटेशन पंधरा दिवस वैध. खाली सही आणि शिक्का.

शेवटची बेरीज बघून माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. आम्ही बाजूला काढून ठेवलेल्या रकमेच्या ती जवळजवळ सव्वापट होती. मी कागद घेऊन तशीच त्याच्याकडे गेले.

"अहो, अकरा चेहरे सांगितले तर बारा पानं कशी? आमचं गणित कच्चं वाटलं का तुम्हाला?"

त्यानं कपाटातून एक जुना अल्बम काढून माझ्यापुढे उघडला. "आत्याबाई, हे बघा. समोरासमोरची दोन पानं म्हणजे एकच लांब कागद असतो. एकच छपाई, मधोमध घडी. म्हणून पानं जोडीनंच वाढतात. सुटं पान मिळत नाही."

तो मला आत्याबाई का म्हणत होता कोण जाणे. बहुतेक भाचीनं फोन केला असेल. मी अल्बमची घडी नखानं कुरतडून बघितली. खरंच एकच कागद होता. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. मी नाही बसले.

"बरं, मग दर कमी करा. आणि आगाऊ रक्कम निम्मी घ्या. आम्ही काय पळून जाणार आहोत?"

"दर कमी होणार नाही. काम कमी करू या." त्यानं कोटेशन माझ्याकडून घेतलं. "आगाऊचं म्हणाल, तर ती घेतली की त्या तारखेला मी बाकी सगळ्यांना नाही म्हणतो. माझ्याबरोबर येणाऱ्या दुसऱ्या फोटोग्राफरला त्यातूनच देतो, नाहीतर तो दुसरीकडे जातो. ती निम्मी करून चालायचं नाही."

गोड बोलून नाही म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत, कारण त्यांच्याशी भांडताच येत नाही. पण मग त्यानं खुर्ची ओढली आणि पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर त्या कागदावर बसला. "सकाळी मुलगी तयार होते ते फोटो तिच्या वडिलांना दिसणार आहेत का?"

"नाही. आरसा, बांगड्या, पावडर. सगळं बारीक बारीक."

"मग घरचे दोन तास काढा. ते गेले की घरची फेरीही जाते. मी थेट हॉलवर येतो." त्यानं आठाचे सहा केले, दोन फेऱ्यांची एक केली. "चाळीस पानांची तीस करू. त्यातली नुसती गर्दीची, जेवणाची दहा पानं कुणी बघत नाही." आतून त्याची बायको म्हणाली, "आठ काढा. दोन असू देत, पाहुणे रुसतात." तो हसला आणि बत्तीस केली. बाराला मात्र त्यानं पेन्सिल लावली नाही.

बेरीज आमच्या रकमेत बसली. अगदी काठोकाठ. एवढ्या वर्षांत अनेक दुकानदारांनी मला किंमत कमी करून दिली आहे, पण आपली मिळकत आपल्याच हातानं कापून, गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते शोधून देणारा हा पहिलाच. मी आगाऊ रक्कम त्याच्यासमोर ठेवली. त्यानं पावती दिली आणि दुसऱ्या दिवशी नवीन कोटेशन टाइप करून घरी पाठवलं.

ते मी भावाला वाचून दाखवलं. बारावं पान म्हटल्यावर तो म्हणाला, "त्यावर तू."

"मला कशाला? रोज तर समोर असते. त्यापेक्षा जावयाच्या बहिणीला घे, तेवढाच मान."

"रोज समोर तुझी साडी असते," भाऊ म्हणाला. "बारावं पान तुझं. फोटोवाल्याला मी स्वतः फोन करणार आहे."

लग्नाच्या दिवशी हनुवटी वेळेच्या आधी हॉलवर हजर. गुडघ्यांना पट्टे, गळ्यात दोन कॅमेरे, खिशात आमच्या बारा जणांची यादी. जिन्याजवळ एक मोठी खिडकी होती, तिथला उजेड त्याला पसंत पडला. एकेकाला कोपराला धरून तो तिथे घेऊन जायचा. फ्लॅश नाही, मागे साधी भिंत, चेहरा खिडकीकडे. "घडीत गाल जाता कामा नये," असं म्हणून प्रत्येकाला थोडं डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकवायचा. व्याही जरा तालेवार. त्यांनी मान ताठ केली, तर त्यांनाही सांगितलं, "हनुवटी थोडी खाली." आणि व्याह्यांनी केली. मला मनातून फार बरं वाटलं.

मी काही त्याच्या हाती लागत नव्हते. खुर्च्या कमी आल्या होत्या आणि खुर्चीवाल्याशी माझं जुंपलं होतं. हनुवटीनं तीनदा निरोप पाठवला. शेवटी स्वतः आला आणि म्हणाला, "आत्याबाई, सहा तासांतली तुमची पाच मिनिटं राहिलीत. पैसे भरलेत त्याचे." फुकट घालवायचं म्हटलं की माझा जीव वरखाली होतो, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. मी मुकाट्यानं खिडकीपाशी गेले. त्यानं हनुवटीचं काहीच सांगितलं नाही. म्हणाला, "तुमची आहे तशीच राहू दे."

दीड महिन्यानं अल्बम तयार झाला. मी जाऊन उरलेली रक्कम दिली आणि तो भावाच्या घरी नेला. भाची आणि जावई आले होते. भावजयीनं मशीनवरचे कपडे बाजूला केले. भाऊ दारातल्या खुर्चीत उजेडाकडे पाठ करून बसला, मांडीवर अल्बम, हातात घड्याळाचं जुनं भिंग नव्हे, डॉक्टरांनी दिलेलं मोठं.

पहिल्या चेहऱ्याच्या पानावर तो खूप वेळ थांबला. भिंग कपाळापासून निघालं, भुवईवरून डोळ्यावर, डोळ्यावरून गालावर. मान तिरकी करून करून तो बघत होता. मग म्हणाला, "गालावर खळी पडते अजून." भाची रडायला लागली. जावयाच्या पानावर म्हणाला, "माणूस बरा दिसतोय," तेव्हा ती रडता रडता हसली. बायकोच्या पानावर तो नुसता हात ठेवून बसला. आम्ही सगळे उगाच इकडेतिकडे बघत राहिलो.

मग बारावं पान आलं. भिंग माझ्या चेहऱ्यावर फिरायला लागलं आणि मला आपलं उगाच ओशाळल्यासारखं झालं.

"ताई, तुझे केस कधी गं पांढरे झाले?"

"झाले की. तीन-चार वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगण्यासारखी बातमी आहे का ती?"

तो परत बघायला लागला. डोळ्यांखालच्या सुरकुत्यांवर थांबला, कपाळावर थांबला. "माझ्या लग्नात, माझ्या दुकानात, आता हिच्या लग्नात. किती पळालीस गं." मी पदर सारखा करायला लागले. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला माझ्या भावाबद्दल वाटत होतं तेवढंच त्या निळ्या पडद्यासमोरच्या माणसाबद्दल वाटत होतं.

भावानं अल्बम मिटला, पण मांडीवरून उतरवला नाही. "फोटोवाल्याचे सगळे पैसे दिलेस ना?"

"दिले."

"घासाघीस करून?"

"ठरल्याप्रमाणे."

"थोडे वर द्यायचे होतेस, ताई."

"दिले होते," मी म्हटलं. "त्यानं कोटेशन काढून मोजले आणि वरचे परत केले."