सोळाव्या घरापर्यंतची तूर

एकोणीस वर्षं अकरावीचं गणित माझ्याकडे होतं. मेडशीच्या बाजूच्या आमच्या शाळेत दुसऱ्या कोणी ते मागितलंही नव्हतं. मग एका जूनमध्ये मुख्याध्यापकांनी तो वर्ग तासिका तत्त्वावर आलेल्या नव्या सरांना दिला आणि मला दहावीपर्यंतच ठेवलं. सर किन्हीराजाहून एसटीनं यायचे. वय सत्तावीस-अठ्ठावीस, बाह्या कायम खडूनं माखलेल्या. मी हसून "बरं झालं, भार हलका झाला" म्हटलं आणि घरी येऊन भांडी आपटली.

त्यात माझी मुलगी त्याच वर्षी अकरावीत गेली. दहावीत ती माझ्याच वर्गात होती, मान खाली घालून बसायची. आता जेवताना तिचं एकच चालू असायचं, सर असे म्हणाले नि सरांनी तसं करून दाखवलं. माझ्याच पोटची पोर माझ्याच विषयाचं कौतुक दुसऱ्याच्या नावानं मला ऐकवत होती. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट व्हायचा.

फेब्रुवारीत मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "मॅडम, सरांचा एक तास पाहून घ्या अन् शेरा लिहून द्या. पुढच्या साली अकरावी कोणाकडं द्यायची, ते त्याच्यावरच ठरवतो." जिचा वर्ग काढून घेतला तिलाच परीक्षक नेमलं होतं. मी लगेच हो म्हणाले.

त्या दिवशी तास वर्गात नव्हता, व्हरांड्यात होता. फरशीवर खडूनं आठ गुणिले आठचा पट आखलेला. नवी तूर घरोघरी आली होती, पोरांनी पिशव्या भरून आणल्या होत्या. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, दर घरात आधीच्या दुप्पट. पहिली ओळ मोजून भरली, आठव्या घरात एकशे अठ्ठावीस. पुढं मोजणं जमेना, तेव्हा सरांनी किराणा दुकानातून मागून आणलेला काटा काढला. अकराव्या घराचे एक हजार चोवीस दाणे दोन पोरींनी नेटानं मोजले. ते भरले शंभर ग्रॅमच्या आसपास. मग नुसतं वजन दुप्पट करत गेले. सोळाव्या घराचे सव्वातीन किलो झाले. ते घरात मावेनात म्हणून पिशवीच घरावर ठेवली.

"आता तिसरी ओळ कोण भरते?" सरांनी विचारलं. पोरं कागदावर दुप्पट करत सुटली. चोविसाव्या घरापाशी एक मुलगा ओरडला, "सर, आठ क्विंटलच्या वर जाऊन राह्यलं! आमच्या एकरात एवढी होत नाही!" सगळे हसले. मागं खुर्चीवर बसून मीही हसले असते, पण माझ्या हातात शेऱ्याचा कागद होता. गुणोत्तर दोन असलेली श्रेढी मी एकोणीस वर्षं फळ्यावर शिकवली. ती कोणाच्या शेतापर्यंत नेली नव्हती. हे मला सुचलं नव्हतं, आणि ते काही केल्या गिळता येईना.

मग सर भिंतीला टेकवलेल्या फळ्याकडे वळले. दोन ओळींची, म्हणजे सोळा घरांची, एकूण बेरीज किती? त्यांनी लिहिलं, दोनाचा पंधरावा घात वजा एक. बत्तीस हजार सातशे सदुसष्ट.

चूक. पहिल्या घरात दोनाचा शून्यावा घात, म्हणून सोळाव्या घरात पंधरावा. तोच पंधरा त्यांनी बेरजेच्या सूत्रात घातला होता. तिथं घरांची संख्या हवी, सोळा. मी तोंडातून शब्द काढला नाही. "त्रुटी" या रकान्यात मी झरझर लिहिलं: मूळ सूत्रात चूक. अकरावी परत माझी होणार, हे मला दिसायला लागलं होतं.

तेवढ्यात माझी मुलगी उभी राहिली.

"सर, तुमचं चुकून राह्यलं."

असं कोणी मला म्हटलं असतं तर वर्गाबाहेर गेलं असतं.

"एकट्या सोळाव्या घरात बत्तीस हजार सातशे अडुसष्ट आहेत," ती म्हणाली. "मंग सगळ्या घराईची बेरीज त्याच्याहून कमी कशी येईन?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला. कपाळावर पांढरा पंजा उमटला. "बरोबर धरलं तुनं! मी घात सोळाव्या घराचा घेतला. आता तूच सांग, किती पाह्यजे? सूत्र नको, दाणे पाहून सांग."

ती पटाजवळ उकिडवी बसली. एक आणि दोन तीन, पुढच्या घरात चार. तीन आणि चार सात, पुढच्या घरात आठ. पंधरा, सोळा. तिनं पिशवीतला एक दाणा उचलून पटाच्या बाहेर ठेवला. "हा एक जास्तीचा धरला, तर आतापर्यंतचे सगळे मिळून पुढच्या घराइतके होतात, दर वेळी. म्हंजे बेरीज पुढच्या घराहून एक कमी." सतराव्या घरात पासष्ट हजार पाचशे छत्तीस. बेरीज पासष्ट हजार पाचशे पस्तीस. दोनाचा सोळावा घात वजा एक. चौसष्ट घरांची मग दोनाचा चौसष्टावा घात वजा एक, वीस आकडी संख्या. सरांनी टाळ्या वाजवल्या, वर्गानंही.

मी दुप्पट श्रेढीतून मूळ श्रेढी वजा करून हेच सिद्ध करायची. मधली सगळी पदं उडतात, उरतं ते हेच. माझ्या मुलीनं ते एका दाण्यानं केलं, पण माझ्या तासाला नाही, त्यांच्या तासाला. मी रकान्यात आणखी एक वाक्य जोडलं: ही चूक एका विद्यार्थिनीने भर तासात दाखवून दिली.

संध्याकाळी कागद जेवणाच्या टेबलावर पडला होता. तिनं वाचला असावा. मीच विषय काढला. "माह्या तासाले कधी अशी उभी राह्यली नाही तू?"

"तुह्या तासाले कायले उभी राहू?"

"म्हंजे मी कधी चुकलेच नाही?"

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दहावीत दोन अंकी संख्या किती, हे तुनं नव्व्याण्णवातून दहा वजा करून एकोणनव्वद लिहिलं होतं. एक मिळवायचा राह्यला होता. मी वहीत नव्वद लिहिलं. तू ते लाल पेनानं खोडलं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू घरीबी रागावते. मी एकोणनव्वद करून दिलं. सगळ्याईनंच केलं."

ती ताट उचलून आत गेली. मी तिची दहावीची वही शोधायला उठले आणि परत बसले. ती खोटं बोलत नाही, मला माहीत होतं. सरांची चूक एका मिनिटात वर्गानं पुसली. माझी चाळीस वह्यांमध्ये माझ्याच सहीखाली तशीच पडली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी शेऱ्याचा कोरा नमुना मागितला. जळणं काही थांबलं नव्हतं. सर स्टाफरूममध्ये चहा पीत हसत होते, तर तेही मला सहन होत नव्हतं. "त्रुटी"त मी लिहिलं: सूत्रात घाताची चूक, त्याच तासात दुरुस्त. पहिल्या कागदावरचं दुसरं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, फक्त "उल्लेखनीय बाबी" या रकान्यात: ही चूक एका विद्यार्थिनीने भर तासात दाखवून दिली. खाली शिफारस लिहिली, अकरावी यांच्याकडेच ठेवावी. सही केली आणि कागद मुख्याध्यापकांकडे नेऊन दिला.