सुटकेआधीची मोजणी

नोटीस तीन महिन्यांची होती आणि मी नव्या कंपनीला दीड महिन्यात येते म्हणून सांगून बसले होते. आधी आपल्या साहेबांना विचारावं, हे मला सुचलंच नाही. नवी जागा प्रयोगशाळाप्रमुखाची होती. ती हातची जाईल या भीतीनं जीभ घसरली.

आमचं काम जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत. सोयाबीनचे दाणे मोजून ओल्या कागदात गुंडाळायचे आणि आठव्या दिवशी उलगडून शंभरात किती रोपं धड उगवली ते बघायचं. सत्तरच्या खाली आलं तर बियाण्याचा तो सगळा लॉट बाद. कागद उलगडताना मला अजूनही उत्सुकता वाटते. आत काय चाललं होतं ते कुणालाच माहीत नसतं.

राजीनामा वाचून साहेबांनी चष्मा काढला. ते आष्टीकडचे, शेतकरी घरातले.

"सीझन तोंडावर आलाय. लॉट कोन बघंल?"

शिल्लक रजा नोटिशीत धरा म्हटलं, तर नाही म्हणाले. उरलेल्या दिवसांचा पगार कापून घ्या म्हटलं.

"पैशानं रोपं मोजता येत्यात का? तुमच्यासारखं मोजनारं मानूस द्या आन् जा."

असं माणूस नव्हतं, कारण मीच तयार होऊ दिलं नव्हतं. माझी सहायक अंकुशनगरची, बी.एस्सी. झालेली. सहा वर्षं ती कागद भिजवत आली होती. मोजायला मात्र मी तिला कधी बसवलं नाही. चूक होईल म्हणायचे. खरं तर माझ्यावाचून अडतंय हे मला आवडायचं.

शेवटी साहेबांनीच वाट काढली. दोघींनी एकच लॉट वेगवेगळा मोजायचा, आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालायची आणि चिठ्ठ्या त्यांनी उघडायच्या. ओळीनं दहा लॉट जुळले की सुटकेचं पत्र. ते हातात असल्याशिवाय नवी कंपनी रुजू करून घेणार नव्हती.

महिनाभर मी तिला शिकवलं. मूळ खुंटलेलं कोणतं, पानं कुजलेलं कोणतं. ती प्रश्न विचारायची, मी कधी कधी खेकसायचे. मग मोजणी सुरू झाली. एकेक करत नऊ लॉट जुळले. दीड महिना संपायला चार दिवस होते.

दहाव्याला चिठ्ठीची घडी घालताना मी तिच्या चिठ्ठीत डोकावले. माझे सहासष्ट होते, तिचे चौऱ्याहत्तर. माझ्या हिशेबानं लॉट बाद, तिच्या हिशेबानं पास.

"बदल तो आकडा," मी दबक्या आवाजात म्हणाले. "सहासष्ट कर. माझं पत्र अडकलंय यात."

तिनं पेन उचललं. "बदलते, ताई. पन उद्या तुम्ही गेल्यावर असाच लॉट आला, तर मंग मी काय लिहू?"

"राहू दे," मी म्हणाले. मला लाज वाटली आणि तिचा रागही आला. चिठ्ठ्या तशाच गेल्या. साहेबांनी दोन्ही आकडे वाचले आणि तो लॉट वाळूत पुन्हा लावायला सांगितला. म्हणजे आणखी आठ दिवस.

नव्या कंपनीत ज्यांनी मला निवडलं होतं त्या बाईंना फोन केला. खोटं कारण तयार होतं, पण तोंडातून खरंच निघालं. फेरचाचणी आहे, माझा आकडा चुकीचा असू शकतो, आठवडाभर थांबाल का? बाई म्हणाल्या, "थांबतो आम्ही. पण निकाल काय लागला ते कळवा हं." त्यांनाही उत्सुकता लागलेली ऐकून मला हसू आलं.

आठ दिवस मी त्या वाळूच्या ट्रेकडे येता-जाता बघत होते. आठव्या दिवशी साहेबांनी स्वतः रोपं उपटून मोजली. पंच्याहत्तर.

मग सहायकेनं त्या लॉटच्या आधीच्या कागदाचे मोजताना काढलेले फोटो दाखवले. शेजारच्या कुजक्या दाण्याची बुरशी काही चांगल्या रोपांवर पसरली होती. रोग रोपाचा स्वतःचा नसेल तर ते चांगलंच धरायचं, हा नियम मीच तिला शिकवला होता. जायच्या घाईत मी ती सगळी बाद केली होती.

"दहा काही जुळले नाहीत, साहेब," मी म्हणाले.

"न्हाई जुळले. पन मला मोजनारं मानूस पायजे होतं, ते भेटलं." त्यांनी पत्रावर सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "जा आता बिनघोर. तुमच्यावाचून न्हाई अडायचं."

हेच ऐकायला मी दीड महिना भांडले होते. ऐकलं, आणि डोळे भरून आले. पलीकडच्या टेबलावर ती पुढच्या लॉटचा कागद उलगडत होती. तिनं मला मोजायला बोलावलं नाही.