रेतीवरची वेळ

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर धाकटी म्हणाली, की शाळेत समुद्रकिनाऱ्यावर पळवतात, तिथे तिची वेळ घसरते आणि सर तिला आळशी म्हणतात. मी तेव्हा विषय बदलला. बदलला, कारण तो शब्द मीही एका मुलीला लिहून दिला होता. तुम्हाला ते माझ्याकडूनच कळावं.

निवृत्त झाल्यावर मी सदर भागातल्या माझ्या घराजवळच्या मैदानावर सकाळी फिरायला जात असे. तिथे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पळत. एक निवृत्त हवालदार त्यांना फुकट शिकवत. माझं घड्याळ आणि माझी शिस्त बघून त्यांनी वेळा लिहायचं काम मला दिलं. इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला पळण्यातलं काय कळणार, हे मी स्वतःला विचारलंच नाही.

त्यांतली एक मुलगी कन्हान गावची. सगळ्यांत वेगवान. आठशे मीटर ती तीन मिनिटांच्या आत पळे, आणि भरतीत तेवढंच हवं होतं. बसभाडं परवडत नसे म्हणून आठवड्यातले तीनच दिवस ती मैदानावर येई, बाकीचे दिवस गावी नदीच्या कोरड्या पात्रात पळे. मी एका रविवारी टेप घेऊन कन्हानला गेले, पात्रात आठशे मीटर मोजून दिले, बांबू रोवले. अंतर तेच, म्हणजे वेळही तीच यायला हवी, असा माझा सरळ हिशोब.

तिने वही आणून दाखवली. रेतीवरच्या वेळा बऱ्याच जास्त.

"मॅडम, पाय खाली जाते जी. जोर लावला का रेतीच खाऊन टाकते."

मी लाल शाईने लिहिलं : आळशी. खाली ओळ ओढली. रेतीवरही मैदानावरचीच वेळ आण, असं बजावलं. पुढच्या आठवड्यात वेळा सुधारल्या आणि मी खूश झाले. ती पोटऱ्या चोळत बसे, तेही मला मेहनतीचं लक्षण वाटलं.

भरतीच्या मैदानी चाचणीला नऊ दिवस उरले होते. दोन दिवस रेतीवर जीव तोडून पळल्यावर ती सकाळी मैदानावर आली. वळणावर गवतात एक खड्डा झाकलेला होता. डावं पाऊल त्यात पडलं, आतल्या बाजूला मुडपलं, आणि ती बसली ती उठलीच नाही. घोटा बाहेरच्या बाजूने भराभर सुजला.

हवालदार धावत आले. "काय वं पोरी, खड्डा दिसला नाही का?" मग पोटरी दाबून पाहिली, तशी ती कळवळली. "हे तर दगड झालं! रेतीत किती पळून राहिली तू? कोणी सांगितलं?"

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "स्वतःच्या मनाने करत असेल. या मुली ऐकतात कुठे."

तिने मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही. हवालदारांनी सगळ्यांसमोर तिला बेअक्कल म्हटलं.

ते मग सगळ्यांना समजावत होते. रेतीवर घड्याळ बघायचं नाही, श्वास बघायचा. वेळ वाढणारच, मेहनत तेवढीच असते. पावलं लहान आणि हलकी टाकायची. पाणी असेल तिथे त्याच्या जवळच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर पळायचं. काठ उतरता असेल तर एकाच दिशेने पळायचं नाही, नाहीतर एका घोट्यावर सगळा भार येतो. सुरुवातीला थोडंच पळायचं आणि दुसऱ्या दिवशी पायाला आराम. दमलेला घोटा खड्ड्यात स्वतःला सावरत नाही. गवतात वेग कमी करून चार पावलं पुढची जमीन बघत जायचं. प्रत्येक वाक्याला मी मान डोलावत होते, जणू मला हे आधीपासून ठाऊक होतं.

तिची चाचणी हुकली. पंधरा दिवस मी मैदानावर गेले नाही, गुडघा दुखतो असं सांगितलं. तेही खोटं.

शेवटी कन्हानला गेले. तिच्या आईसमोर सांगितलं, की वेळेची सक्ती माझी होती, आणि मैदानावर मी खोटं बोलले.

आई भाजी निवडत होती. तिने हात थांबवले नाहीत. "आता सांगून राहिल्या? तवा काहून नाही सांगितलं? हवालदारानं पोरीले चार लोकांत बेअक्कल म्हटलं, मॅडम."

मुलगी आतून चहा घेऊन आली, थोडी लंगडत. "राहू दे ना वं आई," एवढंच म्हणाली. तेवढ्याने मला अधिकच लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी मी हवालदारांना सगळ्या मुलींसमोर खरं काय ते सांगितलं. त्यांनी वेळा लिहायचं काम माझ्याकडून काढून एका मुलीला दिलं. बरोबर केलं.

धाकटे, तुझ्या सरांना सांग, आजीने सांगितलं म्हणून सांग, की वाळूवरची वेळ वेगळी असते.

ती मुलगी पुढच्या भरतीची तयारी करते आहे. डावा घोटा थंडीत अजून दुखतो. ती अजून पळते आणि मला अजून मॅडमच म्हणते.